चवड्याखालचे दुखणे आणि अंगठ्यालगतचे टेंगूळ: दुखते एकीकडे, दोष दुसरीकडे

"मी 47 वर्षांची, खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका. दिवसाचे पाच-सहा तास उभी असते. वर्षभर उजव्या चवड्याखाली, दुसऱ्या बोटाच्या मागे, चपलेत खडा अडकल्यासारखे दुखते आणि तिथे घट्टा पडला आहे. त्याच पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी पंधरा वर्षांपासून टेंगूळ आहे, आईलाही होते. ते क्वचितच दुखते. साखर नाही, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आहे. एका डॉक्टरांनी टेंगूळ कापून टाका म्हटले, दुसऱ्यांनी चवड्यात इंजेक्शन घ्या म्हटले. नक्की काय करावे?"

ताई, आजच्या घडीला या दोन्हींपैकी काहीही करू नका. तुमच्या वर्णनावरून चवड्याखालचे दुखणे आणि अंगठ्याचे टेंगूळ हे दोन वेगळे आजार वाटत नाहीत. एकाच बिघाडाची ती दोन टोके असावीत. बेळगावात गेली अनेक वर्षे हाडांचे रुग्ण तपासताना मला सर्वांत जास्त समजावून सांगावी लागणारी गोष्ट हीच आहे की, जे टेंगूळ डोळ्यांना खुपते ते बहुधा दुखत नाही आणि जिथे दुखते तिथला दोष मूळचा तिथला नसतो.

टेंगूळ म्हणजे नव्याने वाढलेले हाड नव्हे. चवड्यात प्रत्येक बोटाच्या मागे एक लांबट हाड असते. अंगठ्यामागचे हाड वर्षानुवर्षे हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकते आणि अंगठा मात्र उलट दिशेला, शेजारच्या बोटाकडे कलतो. त्या दोहोंच्या सांध्याचा कोपरा कातडीखालून पुढे येतो, तेच हे टेंगूळ. आम्ही त्याला हॅलक्स व्हॅल्गस किंवा बनियन म्हणतो. ते घराण्यातून येण्याकडे कल असतो, त्यामुळे आईचा उल्लेख तुम्ही केलात हे चांगले झाले. निमुळती पादत्राणे ते वाढवतात, पण जन्मभर रुंद चपला घातलेल्या बायकांनाही ते झालेले मी पाहिले आहे. त्यामुळे स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

आता भाराचा हिशेब पाहू. शिकवताना आम्ही असे सांगतो की, चवड्यावर येणाऱ्या वजनाचे सहा वाटे केले, तर दोन वाटे अंगठ्यामागचे जाड हाड उचलते आणि उरलेली चार हाडे एकेक वाटा घेतात. त्या जाड हाडाखाली वाटाण्याएवढ्या दोन लहान हाडांची बैठकही असते. हाड बाजूला सरकले की ते या बैठकीवरून घसरते, ढिले पडते आणि पाऊल टेकताच थोडे वर उचलले जाते. त्याने टाकलेला भार शेजारच्या दुसऱ्या हाडावर पडतो. हे दुसरे हाड बारीक आणि लांब असते. शिवाय मागच्या टोकाला ते शेजारच्या हाडांच्या खोबणीत घट्ट बसलेले असल्यामुळे अंग चोरून बाजूलाही होऊ शकत नाही. मग त्याच्या टोकाखालची चरबीची गादी दबते, कातडी स्वतःच्या रक्षणासाठी जाड होते, त्याचा घट्टा बनतो, आणि तो घट्टाच पुढे खड्यासारखा टोचू लागतो. भार सरकल्यामुळे होणाऱ्या या दुखण्याला ट्रान्सफर मेटाटार्सल्जिया असे नाव आहे.

याचा पुरावा बहुधा तुमच्या घरातच असेल. वर्षभर वापरलेली उजव्या पायाची चप्पल उजेडात धरून तिच्या आतल्या तळाकडे पाहा. निरोगी पायाच्या चपलेत अंगठ्याच्या मुळाखाली रुंद, काळपट, गुळगुळीत ठसा असतो. तुमच्या चपलेत तो ठसा फिका असेल आणि दुसऱ्या बोटाच्या मागे रुपयाएवढा खोल, चकचकीत खळगा पडला असेल, तर भार कुठून कुठे गेला हे चपलेनेच लिहून ठेवले आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी नव्या चपला घालून न येता जुन्याच घालून यायला सांगतो, ते यासाठीच.

तरीही काही गोष्टी वगळायला हव्यात. दुखणे तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये असेल आणि त्या बोटांत झिणझिण्या किंवा बधिरपणा येत असेल, तर ते नसेचे दुखणे असते आणि त्याचा मार्ग वेगळा आहे. पावलाच्या वरच्या बाजूला अचानक सूज येऊन हाडावर एका बोटाने दाबताच कळ उठत असेल, तर दुसऱ्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तो पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसतही नाही. दोन्ही पायांचे चवडे, त्याबरोबर हातांच्या बोटांचे सांधे आणि सकाळी अर्धा-पाऊण तास टिकणारा आखडलेपणा असेल, तर संधिवाताच्या तपासण्या कराव्यात. टेंगूळ रात्रीतून लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर तो गाऊट असू शकतो. झटक्याच्या दिवसांत रक्तातले युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकते, एवढे मात्र लक्षात असू द्या.

एका गोष्टीवर मात्र मी अधिक थांबतो, कारण ती वारंवार निसटते आणि निसटली की बोट कायमचे बिघडते. दुसऱ्या बोटाच्या सांध्याखाली एक जाड, चिवट पट्टी असते, जी बोटाला जमिनीशी धरून ठेवते. तिला प्लांटर प्लेट म्हणतात. सततच्या भाराने ती विरत जाते आणि एक दिवस फाटते. खुर्चीवर बसा, पाय फरशीवर सपाट ठेवा, दुसऱ्या बोटाच्या टोकाखाली कागदाची अरुंद पट्टी ठेवा आणि बोटाने ती दाबून धरा. घरातल्या कुणाला तरी ती हळूच ओढायला सांगा. डाव्या पायाखाली कागद अडतो आणि उजव्याखालून अलगद निसटतो, असे झाले तर ती पट्टी कमकुवत झाली आहे. उभे राहिल्यावर दुसऱ्या बोटाचे टोक जमिनीला न टेकणे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांत नवी फट पडणे, किंवा दुसऱ्या बोटातली जोडवी अचानक घट्ट होणे या तिच्याच खुणा आहेत. जोडवी घट्ट झाली असतील तर ती आजच सैल करून घ्या किंवा सूज उतरेपर्यंत काढून ठेवा. सुजलेल्या बोटात धातूची कडी राहू देऊ नये.

एक्स-रे काढायचा तर तो उभे राहूनच काढायला हवा. टेबलावर पाय ठेवून काढलेल्या फोटोत भार नसतो, त्यामुळे हाडांमधले खरे कोन उघडत नाहीत आणि "काही नाही" असा निर्वाळा मिळतो. चिठ्ठीवर दोन्ही पावलांचा वेट-बेअरिंग एक्स-रे असे लिहून घ्या, आणि तिथल्या तंत्रज्ञाला मराठी समजत नसेल तर "निंतुकोंडु", म्हणजे उभे राहून, एवढा एक कन्नड शब्द पुरतो. अंगठा आणि त्यामागचे हाड यांतला कोन 15 अंशांपर्यंत आणि पहिल्या व दुसऱ्या हाडांतला कोन साधारण 9 अंशांपर्यंत नॉर्मल धरला जातो. मात्र कोन मोठा म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असा अर्थ त्यातून काढू नये.

उपचाराचा कणा एक साधी वस्तू आहे: चवड्याच्या हाडांमागे बसणारी छोटी गादी, जिला मेटाटार्सल पॅड म्हणतात. ती थेंबाच्या आकाराची, नमद्याची किंवा टणक फोमची, मध्यभागी 5 ते 6 मिलिमीटर जाडीची असते. ती महाग नाही. मात्र बहुतेक ठिकाणी ती चुकीच्या जागी लावली जाते आणि मग उपचारच खोटा ठरवला जातो. दुखते तिथे गादी लावावी हे कुणालाही सुचते, आणि तीच चूक असते. दुखऱ्या टोकाखाली काहीही ठेवले तर तिथला दाब वाढतो. गादी त्याच्या मागे, टाचेच्या बाजूला असायला हवी, म्हणजे ती हाडाला त्याच्या दांड्याखालून उचलते आणि टोक हलके होते.

वडगावातल्या एका यंत्रमाग चालवणाऱ्या बाईंचे उदाहरण सांगतो. वय 54, दिवसभर मागापुढे उभे राहणे, दुखणे अगदी तुमच्यासारखे. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत अंगठ्याचा कोन 30 अंश आणि हाडांमधला कोन 14 अंश होता, म्हणजे टेंगूळ मध्यम स्वरूपाचे. मी गादी लिहून दिली आणि त्यांनी ती चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घेतली. दहा दिवसांनी त्या आल्या त्या पहिल्यापेक्षा जास्त लंगडत. चप्पल उलगडून पाहिली तर गादीच्या मधोमध हाडाच्या टोकाने खोल खड्डा पाडलेला होता. गादी नेमकी घट्ट्याखाली लागली होती, याहून स्पष्ट पुरावा लागत नाही. दोष माझाही होता, कारण जागा मी तोंडी सांगितली, दाखवली नव्हती. तेव्हापासून मी खूण करून दिल्याशिवाय गादी देत नाही.

ती खूण तुम्ही घरीही करू शकता. कुंकू थोड्या खोबरेल तेलात कालवून घट्ट्यावर ठिपका लावा, चप्पल घाला, सरळ उभ्या राहा आणि दोन पावले चाला. चपलेच्या तळावर जो लाल डाग उमटेल ती दुखऱ्या टोकाची जागा. गादीची पुढची कड त्या डागाच्या 5 ते 10 मिलिमीटर मागे यायला हवी, डागाला शिवायलाही नको. आधी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने ती तात्पुरती लावा, दोन-तीन दिवस चाला, आणि गरजेप्रमाणे काही मिलिमीटर पुढे-मागे करून मगच कायमची चिकटवा. पहिले चार-पाच दिवस पावलाच्या मध्यभागी काहीतरी दाटल्यासारखे वाटते, ते चालेल; पण चवड्याखालची टोच वाढली तर गादी फार पुढे आहे असे समजा. त्या बाईंची गादी जेमतेम एक सेंटिमीटर मागे सरकवली. तीन आठवड्यांत संध्याकाळचे लंगडणे गेले आणि दोन महिन्यांत घट्टा पातळ झाला. टेंगूळ होते तेवढेच आहे आणि त्याबद्दल त्यांची आता तक्रार नाही.

यातली दुसरी अडचण आपल्याकडच्या राहणीची आहे. गादी चपलेत असते आणि चप्पल उंबऱ्याबाहेर. तुमच्या शाळेतही वर्गाबाहेर चपला काढण्याची पद्धत असेल, तर दिवसाचे पाच-सहा तास तुम्ही कडक फरशीवर अनवाणी उभ्या असता आणि गादी दाराबाहेर पडून असते. वर्गासाठी आणि घरातल्या ओट्यासाठी प्रत्येकी एक स्वच्छ, वेगळा जोड ठेवा आणि दोन्हींत गादी बसवून घ्या. मुख्याध्यापकांना कारण सांगितले तर ते समजून घेतील अशी माझी खात्री आहे. हवे तर डॉक्टरांची चिठ्ठी द्या.

पादत्राण निवडताना कागदावर उभ्या राहून पावलाची आकृती काढा, ती कापा आणि दुकानात सँडलच्या तळावर ठेवून पाहा. कागद कुठूनही बाहेर आला तर तो जोड घेऊ नका. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तोपर्यंत पाय थोडा फुगलेला असतो. तळ पुढच्या भागात सहज दुमडणारा नसावा. हाताने वाकवल्यावर दोन घड्या होणारी पातळ रबरी स्लीपर चवड्याला प्रत्येक पावलाला पूर्ण वाकायला लावते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे नेमकी तीच सर्वांच्या पायांत असते. अथणी-निप्पाणीकडच्या कोल्हापुरी चपलांबद्दल मला नेहमी विचारले जाते. त्यांची रुंदी चांगली आणि तळ ताठ असतो, या जमेच्या बाजू आहेत. पण चामडे कडक आणि सपाट असते, अंगठ्याच्या कडीने अंगठा धरून ठेवावा लागतो आणि पट्ट्याची कड अनेकदा टेंगळावरच घासते. लग्नाकार्याला दोन तास घालायला हरकत नाही. दिवसभर उभे राहण्यासाठी त्या योग्य नाहीत.

घट्ट्यावर ब्लेड चालवू नका. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना वजरीने हलक्या हाताने आठवड्यातून दोनदा घासा आणि रात्री युरियायुक्त मलम लावा. भोवरीच्या औषधी पट्ट्यांमधले अ‍ॅसिड भोवतालची चांगली कातडीही जाळते, म्हणून त्या टाळा. तुम्हाला मधुमेह नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला असेल तर त्यांनी यातले घासण्याचे कामही स्वतः करू नये, कारण पायाची संवेदना गेलेल्या रुग्णाच्या घट्ट्याखाली जखम लपलेली असते आणि ती दुखत नाही. घट्ट्यात काळा-लाल डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पोटरीचा संबंध अनेकांना पटत नाही, पण तो आहे. पोटरीचा स्नायू आखडलेला असला की चालताना टाच लवकर उचलली जाते आणि चवडा जास्त वेळ भाराखाली राहतो. भिंतीला हात टेकून उजवा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवा आणि पोटरीत ताण जाणवेपर्यंत पुढे झुका. 30 सेकंद थांबा, तीन वेळा करा, सकाळ-संध्याकाळ. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. कागदाची चाचणी बिघडलेली आली असेल तर दुसरे बोट किंचित खाली ओढून चिकटपट्टीने बांधण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे घासणे कमी करतात. त्यांनी किंवा रात्रीच्या पट्ट्यांनी प्रौढ माणसाचे सरकलेले हाड जागेवर येत नाही.

इंजेक्शनला मी नको म्हणतो त्याचे कारण असे. सांध्यात स्टिरॉइड दिल्यावर काही आठवडे आराम पडतो, पण जी पट्टी आधीच विरत आहे ती त्याने आणखी दुबळी होऊ शकते आणि चरबीची गादीही झिजते. आराम पडला म्हणून माणूस पूर्ववत उभा राहतो आणि बोट सांध्यातून निसटते. नसेच्या दुखण्यात हेच इंजेक्शन विचारपूर्वक दिले जाते, तेव्हा ते औषध वाईट नव्हे. तुमच्या दुखण्यात त्याची जागा नाही.

शस्त्रक्रियेचा प्रश्न वर सांगितलेले सर्व तीन ते सहा महिने नीट करूनही रोजचे काम अडत असेल, किंवा दुसरे बोट अंगठ्यावर चढू लागले असेल, तरच यावा. बोट चढू लागले की गादी पुरत नाही, अशा रुग्णांना मी स्वतः शस्त्रक्रिया सुचवतो. पण ती नुसते टेंगूळ तासून टाकण्याची नसावी. तसे केल्याने पाय काही काळ सडपातळ दिसतो, मात्र हाड सरकलेलेच राहते, भार दुसऱ्या हाडावरच राहतो आणि तुमचे दुखणे जसेच्या तसे उरते. योग्य शस्त्रक्रियेत पहिले हाड कापून जागेवर सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. गरज असेल तर दुसऱ्या हाडाची लांबीही थोडी कमी करतात. सर्जनना एक प्रश्न अवश्य विचारा: पहिले हाड आखूड होणार नाही किंवा वर उचलले जाणार नाही ना? तसे झाले तर दुसऱ्या हाडावरचा भार वाढतो आणि टेंगूळ जाऊनही चवडा पूर्वीपेक्षा जास्त दुखतो.

त्यानंतर साधारण सहा आठवडे विशिष्ट बूट घालून टाचेवर भार देत चालावे लागते, आणि सूज उतरायला सहा महिने किंवा अधिकही लागू शकतात. एप्रिल-मेची सुट्टी जेमतेम दीड-पावणेदोन महिन्यांची असते. शाळा उघडेपर्यंत हाड जुळत आले तरी पाच-सहा तास उभे राहण्याइतका पाय तयार झालेला नसतो. म्हणून कधी ती वेळ आलीच, तर शस्त्रक्रिया सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात ठरवा आणि जून-जुलैमध्ये बसून शिकवता येईल अशी व्यवस्था आधी करून घ्या.